हलकी म्हणून घेतली, आणि तिथंच फसलो

केदारकंठाला निघायच्या आठवडाभर आधी राजारामपुरीतल्या एका दुकानातून पॉवर बँक घेतली. वर ठळक ५०,००० एमएएच, तीन पोर्ट, किंमत ९०० रुपये. हातात घेतली तर एकदम हलकी. पाठीवर पाच दिवसांचं ओझं वाहणाऱ्याला आणखी काय पाहिजे? बिलसुद्धा मागितलं नाही.

सांकरीहून वर गेल्यावर दुसऱ्या रात्री माझा आणि मित्राचा असे दोन फोन एकदम लावले. दोन्हीकडं चार्जिंग सुरू-बंद, सुरू-बंद. मित्राचा काढला. माझा १५ वरून ५० टक्क्यांवर गेला आणि पॉवर बँक झोपली. गंमत म्हणजे तोवर तिचे चारही दिवे झकास पेटलेले. तंबूबाहेर बर्फ होता, त्यामुळं आम्ही सगळं थंडीवर ढकललं.

परतल्यावर दुकानदारही तेच म्हणाला, "साहेब, बर्फात न्हेल्यावर असंच हुतंय."

यातलं अर्धं खरं आहे. थंडीत लिथियम सेलचं व्होल्टेज लवकर पडतं आणि आतलं सर्किट पुरवठा तोडतं. पण ती वीज कुठं जात नाही. पॉवर बँक स्लीपिंग बॅगमध्ये अंगाशी धरून ऊबेला आणली की उरलेली बहुतेक परत मिळते. माझी तर घरी, कोल्हापूरच्या उन्हात पूर्ण भरूनही यूएसबी मीटरवर २,५०० एमएएचच्या आसपास देऊन थांबली. म्हणजे थंडीचा दोष नव्हता.

मग गल्लीतल्या किराणा दुकानात वजन केलं. २१० ग्रॅम. इथंच मनात पाल चुकचुकली, कारण १०,००० एमएएचची खरी पॉवर बँकच साधारण दोनशे ग्रॅम भरते. पन्नास हजारांची किलोच्या आसपास हवी. शिवाय ५०,००० एमएएच म्हणजे १८५ वॉट-तास, आणि १६० च्या वरची विमानात नेताच येत नाही. आम्ही रेल्वेनं गेलो, म्हणून तिथं कुणी अडवलं नाही.

उद्यमनगरात काम करणाऱ्या मित्रानं ती उघडली. आत चार नळकांडी सेल. दोघांनाच तारा जोडलेल्या. उरलेले दोन कापले तर आत पांढरी भुकटी. (सेल असे घरी कापू नका, खरा निघाला तर पेट घेईल.) तिन्ही पोर्ट एकाच बारक्या सर्किटवर, म्हणून दोन फोन ओढले नाहीत.

आता १०,००० ची घेतली आहे, बिलासकट. मागं बारीक अक्षरांत 'रेटेड कपॅसिटी ६,००० एमएएच' छापलंय. सेल ३.७ व्होल्टचे असतात आणि बाहेर ५ व्होल्ट द्यावे लागतात, त्यात थोडी वीज सर्किटही खातं. तेव्हा हा आकडा रास्त आहे. माझ्या फोनला एक पूर्ण चार्ज मिळतो, वर थोडं उरतं. फोन एअरप्लेन मोडवर ठेवला तर पाच दिवसांना तेवढं भागतं.

दुकानदारानं पैसे दिले नाहीत. बिल कुठाय, म्हणाला.