निवेदनाला एक, गाण्याला दुसरं: ईक्वलायझर आणि स्पेशियल ऑडिओचा काही महिन्यांचा अनुभव

दिवाळीच्या सेलमध्ये घेतलेला, कान पूर्ण झाकणारा ब्लूटूथ हेडफोन पावसाळ्यापर्यंत रोज वापरून झाला. माझं ऐकणं दोनच प्रकारचं. जाता-येता बसमध्ये ऑडिओबुक नाहीतर पॉडकास्ट, आणि रात्री घरी ख्याल, नाट्यसंगीत, भावगीतं. बॅटरी किती टिकते, कानाला घाम येतो का, यावर ढीगभर रिव्ह्यू आहेत, म्हणून मी फक्त ॲपमधल्या ईक्वलायझरबद्दल आणि स्पेशियल ऑडिओबद्दल लिहितोय.

ॲपमध्ये सहा पट्ट्या आहेत: एक बासची आणि पुढे 400 हर्ट्झ, 1, 2.5, 6.3 आणि 16 किलोहर्ट्झ. तयार प्रीसेटमध्ये ‘स्पीच’ही आहे आणि ‘व्होकल’ही. दोन्हीकडे माणसाचाच गळा, मग दोन वेगळे कशाला, असं पहिल्यांदा कुणालाही वाटेल. पण एकाच गायकाची मुलाखत आणि त्याचंच गाणं या दोन्हींवर आलटून पालटून ऐका, फरक लगेच कळतो.

बोलण्यात आपल्याला शब्द हवे असतात, आणि शब्दांची ओळख बरीचशी व्यंजनांवर अवलंबून असते. त, क, प यांतला फरक साधारण 2 ते 4 किलोहर्ट्झच्या पट्ट्यात ऐकू येतो. आवाजाचा भारदस्तपणा मात्र खाली असतो; पुरुषाच्या बोलण्याचा मूळ स्वर शे-सव्वाशे हर्ट्झच्या आसपास. जुन्या लँडलाइनवरून साधारण 300 ते 3400 हर्ट्झ एवढंच जायचं, तरी लोक तासन्‌तास गप्पा मारत. म्हणजे बोलण्यातला बास कापला तर शब्द हरवत नाहीत. उलट सापडतात, कारण खालचा जोरकस आवाज वरच्या बारीक आवाजांना झाकतो. वरचा खालच्याला तितकासा झाकत नाही. त्यात निवेदक माइकला चिकटून बोलत असेल तर बास आणखी फुगतो (बहुतेक स्टुडिओ माइकांचा तो गुणधर्मच आहे), शिवाय बसच्या इंजिनाची घरघर आहेच. नॉइज कॅन्सलिंग ती बरीच कमी करतं, पण सगळी नाही.

माझ्या ॲपमधला ‘स्पीच’ बास कापतो ते उत्तम, पण 6.3 ची पट्टीही चढवतो. पंधरा-वीस मिनिटं बरं वाटतं, मग ‘निश्चितच’, ‘साशंक’ असे शब्द आले की श आणि च कानाला टोचायला लागतात. म्हणून त्यावरूनच स्वतःचा एक प्रीसेट बनवला: बास −4, 400 ला −1, 1 किलोहर्ट्झ तसाच, 2.5 ला +2, 6.3 ला −1, 16 ला हात नाही. निवेदिका असेल तर बास −2 पुरतो, आणि 2.5 पण एखाद्या अंकाने खाली आणतो.

हे आकडे माझ्या हेडफोनचे आहेत, तुमच्याला जसेच्या तसे लागू पडणार नाहीत. पण ते ठरवायची एक साधी रीत आहे. घरातला पंखा पाचवर ठेवा आणि न ऐकलेल्या पुस्तकाचं प्रकरण लावा (ओळखीचा मजकूर नको, तिथे मेंदू गाळलेले शब्द स्वतःच भरतो). आता शब्द निसटायला लागेपर्यंत आवाज एकेक पायरी कमी करत जा. ज्या प्रीसेटवर सर्वांत खाली जाऊनही वाक्य कळतं, तो बोलण्यासाठी चांगला. नुसतं आलटून पालटून ऐकलं तर फसगत होते, कारण पट्टी चढवली की एकूण आवाजही वाढतो आणि मोठा आवाज नेहमीच छान वाटतो. त्यामुळे मी चढवण्यापेक्षा उतरवण्यावर भर देतो. चढवलेल्या पट्ट्यांनी जोरकस जागी आवाज चिरकतो, तोही धोका टळतो.

हाच प्रीसेट ख्यालाला लावला की मजाच निघून जाते. काळी एकमध्ये गाणाऱ्या गायकाचा षड्ज सुमारे 139 हर्ट्झचा, आणि तानपुऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे 69 च्या आसपास. बास −4 केला की घाव बरोबर तिथेच बसतो. सूर ओळखू येतो, कारण वरचे सहायक स्वर शाबूत असतात आणि त्यांवरून कान मूळ स्वर जोडून घेतो. पण गळ्यातला भरीवपणा जातो, मंद्रातली आलापी शेजारच्या खोलीतल्या रेडिओवर लागल्यासारखी वाटते, आणि तबल्याच्या बायाची घुमक तर जवळजवळ नाहीशीच होते. काळी चारमध्ये गाणाऱ्या गायिकेचा षड्ज 208 च्या जवळ, म्हणून तिच्या गळ्याचं नुकसान कमी; तानपुरा आणि बाया मात्र तिथेही मार खातात.

‘व्होकल’ त्यामानाने सौम्य आहे. तो बासला फारसा धक्का न लावता मधल्या दोन पट्ट्या चढवतो. भावगीतात, जिथे मागे व्हायोलिनांचा ताफा असतो, तिथे गळा सुरेख पुढे येतो. ख्यालात मात्र गायक आधीच पुढे असतो. अजून पुढे ओढला की हार्मोनियम कर्कश होते. तिथे मी 1 किलोहर्ट्झला फक्त +1 देतो आणि बाकी सगळं शून्यावर. बरेचदा तेवढंही नाही. ‘व्होकल’ पॉडकास्टला लावून पाहिला, तर दोन माणसं एका वेळी बोलायला लागली की कालवा होतो.

आणखी एक गोष्ट तपासून घ्या. हेडफोनचं ॲप, फोनच्या सेटिंगमधला साउंड इफेक्ट आणि गाण्याच्या ॲपमधला ईक्वलायझर हे तिन्ही एकावर एक चढू शकतात. आवाज डब्यातून आल्यासारखा किंवा अकारण तिखट वाटला तर आधी हे पाहा आणि दोन बंद करून एकच ठेवा.

आता स्पेशियल ऑडिओ. हे फीचर आवाज डोक्यातून बाहेर काढून समोर ठेवतं. त्यासाठी दोन्ही कानांत जाणाऱ्या आवाजात वेळेचा आणि पोताचा बारीक फरक करतं आणि बहुतेक वेळा खोलीचा थोडा प्रतिध्वनीही मिसळतं. निवेदनाला तो प्रतिध्वनीच नडतो. अक्षरांच्या कडा पुसट होतात, निवेदक रिकाम्या हॉलमध्ये उभा राहून वाचतोय असं वाटतं, आणि ईक्वलायझरने मिळवलेलं परत जातं. त्यात डोकं वळवल्यावर आवाज जागेवर ठेवणारं हेड ट्रॅकिंग चालू असेल, तर बसच्या खिडकीकडे मान वळवली की निवेदक एका कानात सरकतो. ऑडिओबुकला हे दोन्ही बंदच.

गाण्यात उत्तर इतकं सरळ नाही. मैफलीचं थेट ध्वनिमुद्रण, श्रोत्यांची दाद आत असलेलं, स्पेशियल ‘फिक्स्ड’वर, म्हणजे हेड ट्रॅकिंगशिवाय, खरंच खुलतं, तबला आणि हार्मोनियम गायकाच्या दोन बाजूंना बसतात. स्टुडिओतल्या भावगीतात गळा मागे जातो आणि त्यावरचा मूळचा एको दुप्पट होतो. जुन्या तबकड्यांवरून घेतलेली नाट्यगीतं तर मोनो. दोन्ही कानांत तेच येत असताना पसरवायला काही नसतंच, फक्त खोली वाढते. तिथे स्पेशियल बंद, 16 ची पट्टी −3 आणि 6.3 ची −2, म्हणजे खरखर मागे जाते. त्याहून जास्त उतरवू नका, नाहीतर खरखरीबरोबर तानेतला दाणाही जातो.