पाच महिने वापरून: फोन ठीक आहे, काचेचे अडीचशे अजून यायचेत

कॅमेरा, रॅम, बॅटरी यावर सगळ्यांनी लिहून झालंय, त्यामुळे मी ते घेत नाही. बॅटरी दिवसभर पुरते, फोटो उन्हात चांगले येतात, झालं. मी सांगणार आहे ती पहिल्या आठवड्याची गोष्ट, कारण हा फोन मी एकदा बदलून घेतलाय आणि आत्ता हातात आहे तो दुसरा नग आहे.

माझा डब्यांचा धंदा आहे. सांगलीत रोज साठेक डबे जातात. सकाळी नऊ ते बारा फोन लागला नाही तर तेवढी गिऱ्हाइकं दुसरीकडे जातात. ४ मेला, रविवारी, फोन घेतला. १४,४९९ रुपये, वर दुकानदाराने गळ्यात मारलेली स्क्रीनची काच २५० ची. मंगळवारपासून लोक म्हणायला लागले, "ताई, फोन कव्हरेजच्या बाहेर लागतोय." मी तर ओट्यापाशीच उभी! बघते तर वर दांड्याच नाहीत. विमान मोड चालू करून बंद केला की परत येतात, दोन तासांनी परत गायब.

आमच्या ह्यांचं मत, टॉवरचा घोळ. मलाही तेच वाटलं. तरी रागाच्या भरात दुकानदाराला मेसेज टाकला: "फोन खराब आहे, रेंज जाते, बदलून द्या नाहीतर पैसे परत." उत्तर आलं, "ताई टॉवरचा प्रॉब्लेम असेल, दोन दिवस बघा." आणि हात जोडलेलं चित्र. आता वाटतं, त्याचं चुकलं नव्हतं. माझ्या मेसेजमध्ये फोनच बिघडलाय हे सिद्ध करणारं काहीच नव्हतं.

मग भाचा आला, बारावीतला. त्याने एकच प्रश्न विचारला: "मावशी, एक सिम जातं का दोन्ही?" माझ्या फोनमध्ये दोन कंपन्यांची दोन सिम आहेत, एक घरचं, एक ऑर्डरचं. मी कधी बघितलंच नव्हतं. बुधवारी बघितलं तर दोन्ही एकाच मिनिटाला गेलेली. दोन वेगळ्या कंपन्यांचे टॉवर एकाच वेळी बंद पडून विमान मोड काढल्यावर एकाच वेळी चालू होत नाहीत. एकच सिम गेलं असतं तर मात्र सिम, त्याचा खाचा किंवा त्या कंपनीचं नेटवर्क, यांच्यावर संशय ठेवावा लागला असता.

तरी एक खात्री केली. घरचं सिम काढून जुन्या फोनात घातलं आणि दोन्ही फोन ओट्यावर शेजारी ठेवले. सेटिंगमध्ये फोनच्या माहितीत सिम स्टेटस असतं, तिथे सिग्नलचा आकडा उणे चिन्हाने दिसतो. शून्याकडे जितका जवळ तितका चांगला. उणे ९० च्या आसपास बरा, उणे ११५ च्या पुढे गेला की बोलणं तुटायला लागतं. दांड्यांवर विसंबू नका, प्रत्येक कंपनी त्या आपापल्या हिशोबाने दाखवते. जुन्या फोनात घरचं सिम दिवसभर उणे ९६, ९८ वर राहिलं, एकदाही गेलं नाही. नव्यात ऑर्डरचं सिमही उणे ९७ पर्यंत होतं आणि एकदम "सेवा नाही". हळूहळू घसरत गेलं असतं तर जागा कमजोर म्हटलं असतं.

आता मेसेज. भाच्याने टाईप केला, शब्द माझे. जसाच्या तसा देते:

"दादा नमस्कार. रविवारी ४ मेला तुमच्याकडून घेतलेल्या फोनची रेंज वारंवार जाते. दोन्ही सिम वेगवेगळ्या कंपन्यांची आहेत आणि दोन्ही एकाच वेळी जातात. वेळा: बुधवारी ११.२० ते ११.३२, गुरुवारी ४.०५ ते ४.३०, आज ९.४० पासून विमान मोड लावेपर्यंत. त्याच ओट्यावर जुन्या फोनात घरचं सिम दिवसभर एकदाही गेलं नाही. फोन अपडेट केला, नेटवर्क सेटिंग रिसेट केलं, फरक नाही. बिलाचा, आयएमईआयचा आणि स्क्रीनचा फोटो पाठवते. फोन पडलेला नाही, भिजलेला नाही, खोका आणि चार्जर जपून आहे. मला दुरुस्ती नको, त्याच मॉडेलचा दुसरा नग द्या. सात दिवस रविवारी संपतात, तेव्हा उद्या सकाळी कुठे यायचं ते आजच लिहून कळवा."

शेवटचं वाक्य सगळ्यात कामाचं ठरलं. फोनवर बोलले असते तर "सोमवारी बघू" ऐकून सात दिवस उलटले असते. लेखी मागितल्यावर दहा मिनिटांत उत्तर आलं: सर्व्हिस सेंटरला जा, "डीओए"चा कागद आणा, मी बदलून देतो. डीओए म्हणजे फोन कंपनीकडूनच खराब आलेला, असा दाखला. दुकानदार आपल्या मनाने बदलत नाही, कारण त्या कागदाशिवाय कंपनी त्याच्याकडून तो नग परत घेत नाही. किती दिवसांत द्यायचा हे कंपनीवर असतं, माझ्या बिलाच्या मागे सात छापले होते.

शनिवारी सेंटरवाल्यांनी आधी सॉफ्टवेअर नव्याने टाकलं. ते सगळं पुसतं, म्हणून फोटो आणि गिऱ्हाइकांचे नंबर मी आदल्या रात्रीच काढून ठेवले होते. मग तीन तास फोन तिथेच ठेवला. अडीच तास काही झालं नाही, माझा जीव वरखाली. पावणेतीन तास होत आले तेव्हा दोन्ही सिम गेली आणि मी अक्षरशः खुश झाले. सेंटरमधल्या मुलाने कागद दिला. आतलं नेमकं काय बिघडलं होतं ते त्यांनी उघडून पाहिलंच नाही, डीओएला उघडत नाहीत म्हणाले.

दुकानात खोका तपासताना दादा म्हणाले, "सिम काढायची पिन कुठाय?" मी तर ती पहिल्याच दिवशी हरवून सेफ्टी पिनने काम भागवत होते! पिनेवरून पाच मिनिटं गेली. शेवटी त्यांनी आपल्या ड्रॉवरातली टाकली. नवीन नग हातात आल्यावर मी *#06# दाबून आलेला आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा स्वतःचा नंबर, खोक्याशी आणि नव्या बिलाशी जुळवला. त्यांचा विचार जुन्याच बिलावर पेनाने नंबर खोडून लिहून द्यायचा होता. मी नवं बिल घेतलं, कारण पुढे वॉरंटीत नंबर जुळला नाही तर कोण उभं करून घेणार?

आणि काच? काच जुन्या फोनवर गेली. "ती निघत नाही ताई, निघाली तरी परत बसत नाही." अडीचशे रुपये! बिघाड फोनचा, मग काच माझ्या खिशातून का? दुसरी काच मी लावलेली नाही, हट्टाने.

आता ऑक्टोबर संपत आला. या नगाची रेंज एकदाही अशी गेलेली नाही. जूनमध्ये कोठीच्या खोलीत बोलणं तुटायला लागलं तेव्हा मी परत लढायच्या तयारीत होते. पण आकडा बघितला तर तिथे उणे ११८, आणि जुन्या फोनातही तेवढाच. तिन्ही बाजूंनी भिंती, वर स्लॅब, खिडकी नाही. वायफायवरून कॉल जायचं सेटिंग चालू केलं, ते भागलं. पहिल्या मेसेजवेळी हे कळत असतं तर दोन दिवस वाचले असते.

फोनला पाचपैकी चार. एक काचेचा कापलाय.