लांबचा मायनस 2 आणि कॉम्प्युटरचा मायनस 1.5: सात-आठ महिने वापरल्यावर

वय 46, लहानपणापासूनचा मायनस आणि आता वर चाळिशी. दुकानात प्रोग्रेसिव्हच घ्या म्हणून बराच आग्रह झाला, पण मी साध्या काचांचे दोन वेगळे चष्मे घेतले, एक लांबचा मायनस 2 आणि एक फक्त कॉम्प्युटरसाठी मायनस 1.5. का ते सांगतो.

आधी घरी टेप घेऊन बसलो. चष्मा काढला, एक डोळा झाकला आणि पेपरातल्या छोट्या जाहिराती हळूहळू लांब नेल्या. 50 सेंमीपर्यंत अक्षरं एकदम स्वच्छ, पुढे पसरायला लागतात, हा झाला दूरबिंदू. 1 भागिले 0.5 मीटर म्हणजे 2, आणि मायनस कारण लांबून येणारे किरण काचेने इतके पसरवायचे की डोळ्याला ते 50 सेंमीवरूनच आल्यासारखे वाटावेत. मग पेपर जवळ आणला, 22 सेंमीच्या आत काही केल्या वाचता येईना. हा निकटबिंदू, 1 भागिले 0.22 म्हणजे साधारण 4.5. दोन्हीतला फरक 2.5, डोळ्याची जवळ फोकस करायची ताकद एवढीच उरलीय.

आता मायनस 2 लावून ही सगळी ताकद वापरली तर जास्तीत जास्त 40 सेंमीवरचं वाचता येतं, पण सगळी ताकद लावून दिवसभर कोण बसणार, निम्मी तरी शिल्लक राहिली पाहिजे असा चष्म्याच्या नंबरातला ठोकताळाच आहे. माझा स्क्रीन 65 सेंमीवर, त्याला 1.5 लागतात, म्हणजे निम्म्याच्या वर, त्यामुळे संध्याकाळी कपाळ जड व्हायचं. मायनस 1.5 च्या काचेने तोच खर्च 1 वर आला आणि ते जडपण खरंच गेलं. तोटा एकच, या चष्म्याने 2 मीटरच्या पलीकडचं धूसर दिसतं, तो घालून गाडी अजिबात चालवू नका. पुस्तक वाचताना मी चष्मा काढूनच ठेवतो, 40 सेंमीवर उघड्या डोळ्याला जेमतेम अर्धा लागतो.

बायकोला लांबचा नंबर नाही, तिचा निकटबिंदू 50 सेंमी, म्हणजे ताकद 2. शाळेतल्या सूत्राप्रमाणे 25 सेंमीसाठी 4 वजा 2, प्लस 2 येतो. पण ती पुस्तक 40 सेंमीवर धरते, तिथे लागतात 2.5, त्यातले निम्म्या ताकदीचे 1 वजा केले की प्लस 1.5, आणि तपासणीतही तोच निघाला. प्लस 2 लावला तर पुस्तक 50 सेंमीच्या पलीकडे नेलं की पुसट होतं.

टेपवरून काचा मात्र करून घेऊ नका, सिलेंडरचा नंबर त्यात नीट कळत नाही. आणि मुळात प्लसचा डोळा असेल, विशेषतः लहान मुलांचा, तर दूरबिंदू डोळ्याच्या मागे असतो, तो टेपने मोजताच येत नाही. मूल जोर लावून लांबचं वाचून दाखवतं आणि नंबर लपतो, म्हणून तिथे थेंब घालूनच तपासतात.