दुकानात धबाधबा, घरी थेंबथेंब : थर्मोस्टॅटिक मिक्सर घेताना मी कसा फसलो

आमचं घर सांगलीत, विश्रामबागच्या मागच्या बाजूला. खाली दोन खोल्या, वर दोन आणि गच्चीवर टाकी नि सोलर. एप्रिलमध्ये दुपारी सोलरचं पाणी इतकं कडक येतं की एकदा माझ्या सहा वर्षांच्या लेकीचा खांदा भाजला. त्यामुळे वरच्या बाथरूमला थर्मोस्टॅटिक मिक्सर बसवायचं ठरवलं. त्याच्या आत मेणाची एक कुपी असते. पाणी तापलं की मेण फुगतं आणि गरम पाण्याची वाट अरुंद करतं, त्यामुळे ३८ अंशांवर खूण लावली की पाणी तेवढंच राहतं. ही कल्पना खरोखर चांगली आहे आणि मी भुललो तो याच गोष्टीला.

दुकानात भिंतीवर मिक्सर चालू करून दाखवला. आठ इंची शॉवरमधून पावसासारखं पाणी पडत होतं. मी स्पष्ट विचारलं, "आमच्याकडे गच्चीवरच्या टाकीचं पाणी आहे, पंप नाही. चालेल ना?" दुकानदार म्हणाला, "साहेब, सांगलीत सगळ्यांकडे टाकीच असते. बिनधास्त न्या." १६,८०० रुपये दिले. बिलावर फक्त 'शॉवर सेट' एवढंच लिहिलं होतं. तेव्हा ते माझ्या लक्षात आलं नाही.

घरी बसवल्यावर शॉवरच्या मधल्या भोकांतून चार धारा, बाकी नुसते थेंब. गरम पाणी यायला एवढा वेळ लागायचा की पोरगी कुडकुडत उभी राहायची. आमच्या प्लंबरकाकांनी मिक्सर काढला आणि भिंतीतल्या गरम नि थंड दोन्ही तोंडांखाली एकच १५ लिटरची बादली धरली. ती ७० सेकंदांत भरली. मग मिक्सर पुन्हा लावून शॉवर काढला आणि बादली धरली, तर साडेचार मिनिटं लागली. म्हणजे पाइपात खोट नव्हती, मिक्सरच पाणी अडवत होता.

मग काकांनी टेप लावला. टाकीचा तळ ते शॉवर, उंची साडेसहा फूट. पाण्याची दहा मीटर, म्हणजे सुमारे ३३ फूट, उंची म्हणजे साधारण १ बार दाब. त्या हिशेबाने आमच्याकडे जेमतेम ०.२ बार. खोक्यातली घडी केलेली पुस्तिका मी तेव्हा कुठे उघडली. त्यात बारीक अक्षरांत छापलं होतं : किमान दाब १ बार. थर्मोस्टॅटिकच्या दोन्ही तोंडांना जाळी असते, परत जाणारं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह असतो आणि पुढे ती अरुंद वाट. एवढं पार करायला दाब लागतो. गरम आणि थंड या दोन्हींचा दाब सारखाही लागतो. सोलरचं पाणी लांबच्या, वळणावळणाच्या पाइपातून येतं, त्यामुळे आमच्याकडे तेही जमत नव्हतं.

दुकानात गेलो. "बसवलेला माल परत घेत नाही," हे पहिलं उत्तर. त्याच वेळी आत कुठेतरी पंपाची घरघर सुरू झाली आणि मला कळलं, त्या भिंतीवरचा पाऊस कुठून येत होता. मग तो म्हणाला, "भिंतीत बसणारा, गरम-थंड पाणी मिसळून नळाला किंवा शॉवरला वळवणारा डायव्हर्टर घ्या आणि थंड लाइनवर एक प्रेशर पंप बसवा."

सुदैवाने काका बरोबर होते. त्यांनी तिथेच थांबवलं. पंप फक्त थंड लाइनला लावला, तर जोरातलं थंड पाणी साध्या मिक्सरमधून गरम लाइनीत घुसतं आणि सोलरच्या हवेच्या पाइपातून गच्चीवर वाहत राहतं. पंप सोलर टाकीच्या आधी बसवला, तर बिनदाबाची टाकी फुटायची भीती. लावायचाच, तर टाकीतून बाहेर येणारी गरम लाइन आणि थंड लाइन दोन्हींवर लावावा लागतो. आमच्या शेजारी डायव्हर्टर आहे, पण तो हाय-फ्लो बॉडीचा, पाऊण इंची तोंडांचा, आणि खालच्या मजल्यावर, जिथे उंची आपोआप दहा फुटांनी वाढते. आमच्या वरच्या मजल्यावर तोही मंदच चालला असता, शिवाय टाइल फोडाव्या लागल्या असत्या. एकाच दांड्याच्या सिंगल लिव्हर मिक्सरमधल्या साध्या कार्ट्रिजच्या, म्हणजे आतल्या झडपेच्या, वाटाही अरुंदच असतात.

शेवटी जुनाच दोन चाव्यांचा वॉल मिक्सर परत लावला. त्याची सहा इंची अंतरावरची तोंडं तशीच होती, त्यामुळे फोडाफोड झाली नाही. हँड शॉवरमधून तीच बादली एक मिनिट पन्नास सेकंदांत भरते. लेकीसाठी गरम लाइनला बाहेरून एक बॉल व्हॉल्व्ह टाकून तो अर्धा बंद ठेवलाय, आणि आधी थंड चावी उघडायची सवय लावलीय. थर्मोस्टॅटइतकं हे सुरक्षित नाही, हे मला माहीत आहे. म्हणून दुपारी तिला एकटीला आंघोळीला सोडत नाही.

मागच्या आठवड्यात मेव्हण्यासाठी मिक्सर बघायला दुसऱ्या दुकानात गेलो. उंची मोजून नेली होती. म्हटलं, "बिलावर लिहून द्या, ०.२ बारला चालेल." त्यानं पेन खाली ठेवलं, पुस्तिका चाळली आणि म्हणाला, "मग हा नको. दोन चाव्यांचा घ्या."