‘ग्राहक घरी नव्हता’ : न आलेल्या डिलिव्हरीची खोटी नोंद आणि पार्सल परत जाण्याआधी करायच्या गोष्टी

आमचं गाव अमळनेर तालुक्यात, पारोळ्याच्या बाजूला. कपाशीवर तुडतुडे वाढले होते, पावसाने उघडीप दिली होती आणि नेमका तेव्हाच बॅटरीच्या फवारणी पंपाचा चार्जर जळाला. अमळनेरच्या दुकानात त्याच पिनचा चार्जर नव्हता, म्हणून ऑनलाइन मागवला. ६४० रुपये आधीच भरले. पार्सल पोळ्याच्या दिवशी येईल असं ॲपवर दिसत होतं.

पोळ्याला शेतकऱ्याचं घर बंद नसतं, हे खानदेशात कुणाला सांगायला नको. सकाळी बैल धुऊन आणले, दिवसभर अंगणात रंग-झुली चाललं होतं, अप्पा ओट्यावरून हलले नव्हते. माझा फोन खिशात होता आणि त्याला रेंजही होती. सकाळी ९:१२ ला ‘आउट फॉर डिलिव्हरी’ आलं. रात्री ८:४७ ला मेसेज आला : ‘डिलिव्हरीचा प्रयत्न केला, ग्राहक उपलब्ध नाही.’ ना गाडी आली होती, ना कुणाचा फोन.

एक दिवस उशीर झाला म्हणून मी हे लिहीत नाही. या एका ओळीमुळे पुढे काय होतं, ते बहुतेकांना माहीत नसतं, म्हणून लिहितोय. कुरिअरच्या यंत्रणेत प्रत्येक प्रयत्न मोजला जातो. साधारण तीन प्रयत्न झाले की पार्सल विक्रेत्याकडे परत पाठवलं जातं. त्याला ते ‘आरटीओ’ म्हणतात. म्हणजे कुणी न येताच तुमचे प्रयत्न संपतात आणि कागदावर दोष तुमचा राहतो. एकदा परतीचा स्कॅन पडला की मधल्या हबवर पार्सल थांबवणं जवळजवळ अशक्य असतं. पैसे परत मिळतात, पण वस्तू पुन्हा मागवावी लागते. फवारणी काही तोवर थांबत नाही.

अशी नोंद का होते, हे मला अमळनेरच्या हबवर गेल्यावर कळलं. सकाळी त्या दिवशीची सगळी पार्सलं मार्गानुसार वाटून एका रनशीटवर चढवतात आणि एकदम स्कॅन करतात. तिथेच ‘आउट फॉर डिलिव्हरी’ पडतं, मग पार्सल पिशवीत गेलेलं असो वा मांडणीवरच असो. संध्याकाळी रनशीट बंद करताना न दिलेल्या प्रत्येक पार्सलला काहीतरी कारण टाकावंच लागतं. ‘गाडी गेलीच नाही’ असं टाकलं तर जाब हबला विचारतात. ‘ग्राहक उपलब्ध नाही’, ‘फोन उचलला नाही’, ‘ग्राहकाने पुढची तारीख मागितली’ असं टाकलं तर कुणी काही विचारत नाही. डिलिव्हरीच्या पोरांना पैसे बहुतेक ठिकाणी दिलेल्या पार्सलमागे मिळतात. एका गावासाठी एकच पार्सल असेल तर पेट्रोलही सुटत नाही. त्या पोरांचा राग मला कमी आहे. खोटं कारण चालवून घेणाऱ्या व्यवस्थेचा जास्त आहे.

हबवरच्या माणसाने मला सरळच सांगितलं, “पोळाना दिन व्हता, भाऊ. पोऱ्या उनातच नही. तुमना गावले गाडी गयीच नही.” हे त्याने तोंडी कबूल केलं, पण त्यांच्या यंत्रणेत मी घरी नसल्याचंच नोंदलेलं होतं.

नोंद खोटी आहे हे ओळखायच्या खुणा साध्या आहेत. पहिली वेळेची. आमच्याकडे रात्री पावणेनऊला कुणी पार्सल घेऊन येत नाही. ती वेळ हबवर हिशेब मिटवायची असते. शेजारच्या गावातल्या मावसभावाच्या पार्सललाही त्याच मिनिटाची तीच नोंद होती. दोन गावांत एकाच मिनिटाला एकच गाडी जाऊ शकत नाही. दुसरी खूण फोनची. खरा प्रयत्न झाला असेल तर बहुधा कॉल येतो, आणि तो कंपनीच्या क्रमांकावरून जोडलेला असल्यामुळे त्याची नोंद कंपनीकडेही राहते. मात्र खेड्यात रेंज जाते, हेही खरं. तुमचा फोन बंद असेल तर ‘फोन लागला नाही’ ही नोंद खरीही असू शकते. म्हणून पत्त्यात घरातला दुसरा नंबर देऊन ठेवा. आमच्या पार्सलवर अप्पांचाही नंबर होता आणि दोन्ही फोन कोरे होते.

मेसेज आला की सर्वात आधी ट्रॅकिंगच्या पानाचा स्क्रीनशॉट घ्या. त्यात तारीख, वेळ, कारणाचे शब्द आणि पार्सलचा नंबर दिसला पाहिजे. नवीन नोंद आली की काही ॲपवर जुनी ओळ दिसेनाशी होते. त्यानंतर दोन्ही फोनच्या त्या दिवसाच्या कॉल यादीचे स्क्रीनशॉट घ्या. समोर दुकान असेल आणि त्याला कॅमेरा असेल तर दुकानदाराला त्या दिवसाचं चित्रीकरण ठेवायला सांगा. अशा कॅमेऱ्यांत जुनं चित्रीकरण काही दिवसांत पुसून त्यावर नवं चढतं. आमच्या समोरच्या किराणावाल्या काकांनी ते लगेच काढून दिलं.

मग तक्रार. ॲपवर ‘पुन्हा डिलिव्हरी हवी’ असं बटण असतं आणि आपण ते दाबून मोकळे होतो. त्या बटणाने फक्त तारीख बदलते. आधीचा खोटा प्रयत्न मोजलेलाच राहतो आणि पार्सल त्याच हबच्या त्याच रनशीटवर जातं. म्हणून बटण दाबलंत तरी लेखी तक्रार वेगळी करा आणि तिच्यात नोंदीलाच हरकत घ्या. मी चॅटवर हे लिहिलं :

“अमुक नंबरच्या पार्सलवर अमुक तारखेला ८:४७ वाजता ‘ग्राहक उपलब्ध नाही’ अशी नोंद आहे. ती खोटी आहे. मी दिवसभर घरी होतो, दोन्ही नंबरांवर कॉल आलेला नाही, स्क्रीनशॉट जोडले आहेत. त्या प्रयत्नाचं लोकेशन आणि कॉलची नोंद तपासा. हा प्रयत्न मोजू नका, पार्सल परत पाठवू नका, आणि तक्रार क्रमांक द्या.”

‘माल द्या’ एवढंच म्हटलं की समोरचा ‘चोवीस तास थांबा’ म्हणतो. लोकेशन आणि कॉलची नोंद मागितली की त्याला ती तक्रार हबकडे पाठवावीच लागते. आणि तक्रार जिथून खरेदी केली तिथे करा. कुरिअरवाल्याचा व्यवहार विक्रेत्याशी असतो, तुमचा व्यवहार विक्री करणाऱ्या साइटशी. कुरिअरच्या नंबरावर मला ‘विक्रेत्याशी बोला’ एवढंच उत्तर मिळालं होतं.

तक्रारीनंतरही दुसरी नोंद आली, आणि ती पहिलीपेक्षा वाईट होती : ‘ग्राहकाच्या विनंतीवरून तारीख पुढे ढकलली.’ ही ओळ वाचून काहीजण हायसं वाटून गप्प बसतात, कारण पार्सल अजून येणार असं वाटतं. पण तिचा अर्थ असा की उशीर तुम्हीच मागितला. त्यावर मी त्याच तक्रार क्रमांकाखाली लिहिलं की अशी विनंती मी केलेली नाही, केली असल्यास कोणत्या नंबरावरून आणि किती वाजता ते दाखवा. ते त्यांना दाखवता आलं नाही.

याच टप्प्यावर एक फोन आला. बोलणारा म्हणाला, “दादा, ओटीपी सांगा, उद्या पक्कं देतो.” इथे फार सावध राहा. ओटीपी कशासाठी आहे ते मेसेजमध्येच लिहिलेलं असतं. तो डिलिव्हरीचा असेल तर तुम्ही फोनवर सांगताच पार्सल ‘मिळालं’ असं नोंदलं जाऊ शकतं. रद्द करण्याचा असेल तर ‘ग्राहकाने नाकारलं’ असं होतं आणि पार्सल परतीला लागतं. तारीख बदलायला हा ओटीपी लागत नाही. वस्तू हातात आल्याशिवाय तो सांगू नका. मी नाही म्हणालो तर फोन कट झाला.

अशा वेळी वैतागून लोक इंटरनेटवर कुरिअरचा नंबर शोधतात, आणि ठग तिथेच टपलेले असतात. ‘पत्ता अपुरा आहे, पाच रुपये भरा’ म्हणून लिंक पाठवतात, किंवा चांदणीने सुरू होणारा कोड डायल करायला लावून तुमचे कॉल स्वतःकडे वळवून घेतात. नंबर फक्त ॲपमधून किंवा कंपनीच्या स्वतःच्या साइटवरून घ्या. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर कळवा.

खरा पुनर्प्रयत्न झाला तो हबवर समक्ष गेल्यावर. पार्सल तिथेच मांडणीवर होतं. ओळखपत्र आणि ओटीपी देऊन ते तिथून नेता आलं असतं, आणि तुम्हाला घाई असेल तर तसंच करा. मी मुद्दाम थांबलो, कारण गावातल्या बाकीच्यांचीही पार्सलं अशीच अडकत होती. त्या माणसाला दोन गोष्टी मागितल्या : आमच्या बाजूची पार्सलं ज्या पोराकडे असतात त्याच्याच रनशीटवर हे चढवा, आणि मारुतीच्या देवळासमोरचं घर ही खूण व लोकेशन पार्सलच्या नोंदीत टाका. आमच्या पिनकोडात बरीच खेडी येतात, त्यामुळे नुसत्या गावाच्या नावावर नवा पोऱ्या फिरत राहतो.

प्रयत्न खरा आहे हे त्या सकाळीच कळलं. ‘आउट फॉर डिलिव्हरी’ आल्यावर थोड्या वेळात ॲपवर पोराचं नाव दिसलं आणि त्याला फोन लावायची सोय सुरू झाली. मी लावला, तो मंगरूळच्या पुढे होता. स्कॅन पडूनही दुपारपर्यंत नाव दिसलं नाही, तर संध्याकाळच्या नोंदीची वाट न पाहता तक्रारीखाली लिहा आणि हबला फोन करा. दिवस मावळायच्या आत पार्सल मांडणीवरून उचलायला लावणं सोपं असतं.

एवढं करूनही दाद मिळाली नाही, तर साइटच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहा. ई-कॉमर्सच्या २०२० च्या ग्राहक संरक्षण नियमांप्रमाणे त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच आणि महिन्याभरात निवारण द्यायला हवं. त्याचं नाव आणि संपर्क साइटवर दिलेला असतो. त्यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथे आधीचा तक्रार क्रमांक विचारतात, म्हणून तो जपून ठेवा.

चार्जर दुपारी हातात आला. पोरासमोरच खोका उघडून पिन जुळवली आणि मग ओटीपी दिला. संध्याकाळी साइटवरून फोन आला की माल मिळाला, आता तक्रार बंद करू का. मी म्हणालो, आधीच्या दोन्ही नोंदी खोट्या होत्या असं तुमच्या उत्तरात लिहा, मग बंद करा. बराच वेळ घुटमळून त्यांनी मेल पाठवला : दोन्ही दिवशी हबकडून प्रयत्न झाला नव्हता.