अस्थिरोग वॉर्डाची रात्रपाळी: रजिस्टरातली ओळ बरी की रकान्यांचा कागद?

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या बऱ्याच वॉर्डांत संध्याकाळचा डॉक्टर रजिस्टरात बेडच्या क्रमाने एकेक ओळ लिहून निघतो. त्याऐवजी रकाने आखलेला हॅन्डओव्हर कागद सुरू करावा का, असा विचार करत असाल तर दोन रुग्णांवर दोन्ही पद्धती ताडून पाहा.

पहिला रुग्ण मांडीचं हाड मोडलेला, साधारण ६० किलो वजनाचा. गुडघ्याखाली नडगीतून पिन घालून ६ किलोचं ट्रॅक्शन लावलंय. रजिस्टरात ओळ येते, ‘फीमर, ट्रॅक्शन चालू, तब्येत ठीक.’ ही ओळ खोटी नाही, पण रात्री नेमकं काय पाहायचं ते तिच्यातून कळत नाही. रुग्ण हळूहळू पायथ्याकडे सरकतो, वजन जमिनीला टेकतं आणि ओढ संपते. वरून सगळं जागच्या जागी दिसतं. शिवाय पाय बाहेरच्या बाजूला कलंडला, की गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, फिब्युलाच्या मानेपाशी, स्प्लिंटचा दांडा नसेवर दाबतो. मग अंगठा आणि पाऊल वर उचलता येत नाही.

कागदावर याच रुग्णाचं असं येतं: ‘६ किलो, वजन अधांतरी, दोरी कप्पीत, खाटेचा पायथा उचललेला. रात्री ८ वाजता अंगठा वर उचलतो, पहिल्या दोन बोटांमधल्या जागेत स्पर्श कळतो. पुन्हा १२ आणि ४ वाजता पाहणे. उचलता आला नाही तर पाय सरळ करून गुडघ्याच्या बाहेरचा दाब काढणे, सीनियरला फोन.’ शेवटची दोन वाक्यं मला सर्वांत मोलाची वाटतात. सिस्टरला रात्री २ वाजता कोणाला विचारत बसावं लागत नाही.

दुसरा रुग्ण मोटरसायकलवरून पडलेला तरुण, दुपारी ४ वाजता स्पायनल भूल देऊन नडगीत नेल बसवलेला. खरा फरक इथे पडतो. रजिस्टर म्हणतं, ‘आजचं ऑपरेशन, बीपी-नाडी ठीक, ड्रेसिंग कोरडं.’ साडेअकराला तो कण्हू लागतो, आणखी इंजेक्शन मागतो. ही ओळ वाचलेल्या डॉक्टरला ते ऑपरेशननंतरचं नेहमीचं दुखणं वाटणं साहजिक आहे. तो इंजेक्शन देतो, आणि पोटरीतल्या स्नायूंच्या कप्प्यात वाढणारा दाब त्याखाली झाकला जातो. पावलाची नाडी लागते म्हणून धीर येतो, पण कंपार्टमेंट सिंड्रोममध्ये नाडी अगदी शेवटपर्यंत लागू शकते. रक्तप्रवाह तुटलेला स्नायू साधारण सहा तासांनंतर कायमचा निकामी होऊ लागतो, म्हणजे सकाळच्या राऊंडपर्यंत उशीर झालेला असतो.

रकान्यांच्या कागदावर लिहिलेलं असतं: ‘साडेसातला भूल उतरली, बोटं हलतात. सव्वाआठला बोटं हाताने ताणली तर जास्त दुखत नाही. वेदनाशामक ७ वाजता, पुढचं १ वाजता. त्याआधी मागितलं तर आधी पाय तपासा.’ आता साडेअकराला तुलनेला आधार मिळतो. सव्वाआठला न दुखणारं ताणणं आता असह्य होतंय. मग बँडेज आणि कापूस कातडीपर्यंत पूर्ण कापायचा, पाय हृदयाच्या पातळीवर ठेवायचा, उंच करायचा नाही, आणि लगेच सीनियरला बोलवायचं. दाब मोजायची सोय असेल तर खालच्या रक्तदाबातून कप्प्याचा दाब वजा करायचा. फरक ३० किंवा कमी राहिला तर फॅशिओटॉमीची तयारी. सोय नसली तरी लक्षणं स्पष्ट असताना मोजणीसाठी थांबू नये.

कागदाची उणी बाजूही मोठी आहे. वॉर्डात पंचवीस रुग्ण असतील तर प्रत्येकाचे रकाने भरणं होत नाही, आणि सक्ती केली की कालचंच उतरवून काढलं जातं. ‘अंगठा वर उचलतो’ यापुढे वेळ नसेल तर ते आजचं की कालचं, कोण सांगणार? अशा कागदापेक्षा रजिस्टरातली प्रामाणिक ओळ बरी, कारण ती निदान खोटा धीर देत नाही.

म्हणून माझा कौल सरसकट नाही. ऑपरेशनला ४८ तास झाले नसतील, पाय ट्रॅक्शनमध्ये असेल किंवा नस-रक्तवाहिनीबद्दल शंका असेल, तर रकाने. उरलेल्यांना एक ओळ पुरे. जोखमीचे रुग्ण बेड-क्रमाने न लिहिता कागदाच्या माथ्यावर घ्या. पाळी बदलताना जाणारा आणि येणारा, दोघांनी त्या पायांपाशी उभं राहून अंगठा एकत्र पाहावा. दुखणं कसं आहे ते रुग्ण मराठीत सांगणार असेल आणि रात्रीचा डॉक्टर कन्नडभाषक असेल, तर तेवढ्यापुरतं कोणाला बोलवायचं तेही लिहावं.

तालुक्याच्या लहान रुग्णालयात रात्री शस्त्रक्रियागृह उघडत नसेल, तर आणखी एक रकाना हवाच: बेळगावला पाठवायचं ठरलं तर रुग्णवाहिका कोणाची, नंबर काय आणि तिकडे फोन कोण करणार. बँडेज कापून फरक पडतो का, याची वाट न पाहता हा फोन त्याच वेळी जायला हवा.