शॉक येणार हे ठरलेलं असेल, तर कोणती पद्धत घ्यावी?

u_t + u u_x = 0 या समीकरणात प्रत्येक बिंदू स्वतःच्या u इतक्या वेगाने पुढे जातो. मागचा बिंदू पुढच्यापेक्षा वेगवान असेल तर तो कधीतरी त्याला गाठणारच. आलेखाचा उतार तोवर चढत जातो आणि कॅरेक्टरिस्टिक रेषा, म्हणजे x-t पटलावर या बिंदूंचे मार्ग, एकमेकींना छेदतात. तिथे u मध्ये एकदम उडी पडते, तोच शॉक. हे पहिल्यांदा कधी घडेल ते आधीच काढता येतं: सुरुवातीच्या आलेखाचा सर्वात तीव्र उतरता उतार घ्या, त्याचा व्यस्त घ्या आणि चिन्ह बदला. u0 = 1 + sin x असेल तर सर्वात तीव्र उतार x = π इथे −१ आहे, म्हणून शॉक t = १ ला जन्मतो.

तुम्हाला उत्तर t = १ च्या आतच हवं असेल तर ग्रिडच्या भानगडीत पडू नका. x = x0 + u0(x0) t या सूत्राने प्रत्येक बिंदू पुढे सरकवा, उत्तर अचूक येतं. t = १ नंतर हेच सूत्र छेदाच्या पट्ट्यात एकाच x साठी तीन u देतं. तिथे समान क्षेत्रफळाच्या नियमाने उभी रेषा बसवावी लागते. एकच शॉक असेल तर हे सोपं आणि सुंदर आहे. अनेक शॉक एकमेकांत मिसळत असतील तर हिशेब ठेवणं अवघड होतं आणि ग्रिडवरची पद्धत बरी पडते. खरी निवड करायची ती इथे.

चार पद्धती एकाच प्रश्नावर लावून पाहू. डावीकडच्या सर्व कप्प्यांत u = १, उजवीकडच्या सर्वांत ०. कप्पा ० हा डावीकडचा शेवटचा, कप्पा १ हा उजवीकडचा पहिला. dt/dx = ०.८ घेऊ. रँकिन-ह्यूगोनियो अटीप्रमाणे शॉकचा वेग दोन्ही बाजूंच्या u ची सरासरी, म्हणजे ०.५. त्यामुळे एका पायरीत शॉक ०.४ कप्पा सरकायला हवा. पहिल्या पायरीनंतरचे आकडे हातानेही काढता येतात:

| पद्धत | कप्पा ० | कप्पा १ | बेरीज |
|---|---|---|---|
| अचूक उत्तराची सरासरी | १ | ०.४ | १.४ |
| अपविंड, u u_x रूपात | १ | ० | १ |
| अपविंड, फ्लक्स रूपात | १ | ०.४ | १.४ |
| लॅक्स-फ्रीडरिक्स | ०.७ | ०.७ | १.४ |
| लॅक्स-वेंड्रॉफ (रिक्टमायरची दोन टप्प्यांची) | १.२०४ | ०.१९६ | १.४ |

सर्वात धोकादायक ओळ दुसरी आहे. कप्पा १ मध्ये u = ०, त्यामुळे u गुणिले फरक हा गुणाकारच शून्य होतो आणि शॉक जागचा हलत नाही. पहिल्या पायरीला नाही, हजाराव्यालाही नाही. ग्रिड कितीही बारीक केली तरी वेग शून्यच राहतो. आलेख मात्र स्वच्छ, गुळगुळीत, अजिबात न डुलणारा दिसतो, म्हणून नुसतं चित्र बघून चूक कळत नाही. कारण असं की शॉकवर u u_x या गुणाकाराला निश्चित अर्थच उरत नाही. अर्थ असतो तो फक्त एका कप्प्यातून किती गेलं आणि पुढच्यात किती आलं या हिशेबाला. u²/2 हा फ्लक्स धरून लिहिलं की तो हिशेब चोख राहतो, आणि बेरजेच्या रकान्यात तेच दिसतं.

पण नेमकं काय अक्षय्य आहे हे भौतिक प्रश्नाने ठरवायचं असतं. मूळ समीकरणाला u ने गुणून (u²/2)_t + (u³/3)_x = 0 लिहिलं, तर गुळगुळीत भागात ते तंतोतंत तेच समीकरण आहे. शॉकचा वेग मात्र ०.५ ऐवजी २/३ येतो. कोड लिहायला बसण्याआधी हे ठरवा. नंतर कोणतीही पद्धत ही चूक दुरुस्त करू शकत नाही.

उरलेल्या तिघींत शॉकची जागा बरोबर येते, फरक आकारात पडतो. लॅक्स-फ्रीडरिक्स शॉकला पसरवते. शिवाय दुसऱ्या पायरीनंतर आकडे ०.९५२, ०.९५२, ०.४४८, ०.४४८ असे जोडीजोडीने येतात, कारण सम आणि विषम कप्पे एकमेकांशी बोलतच नाहीत. तिचा फायदा एकच: कोणत्या दिशेने वारा आहे हे विचारावं लागत नाही. लॅक्स-वेंड्रॉफ गुळगुळीत भागात दुसऱ्या क्रमाची अचूकता देते, पण पहिल्याच पायरीत u ने कमाल १ ओलांडून १.२०४ गाठलं. u म्हणजे घनता किंवा सांद्रता असेल तर अशी उसळी पुढच्या सगळ्या गणिताला बाधते.

फ्लक्स रूपातल्या अपविंडला एक पळवाट बुजवावी लागते. डावीकडे −१, उजवीकडे १ असेल तर दोन्हीकडे फ्लक्स ०.५ च येतो. दोन्ही बाजूंच्या वेगांची सरासरी बघून फ्लक्स निवडणाऱ्या पद्धतीला वाटतं, काहीच बदलत नाही. खरं तर तिथे आलेख पंख्यासारखा उघडायला हवा. हा एंट्रॉपीच्या अटीचा भंग आहे. गोदुनोवचा फ्लक्स हे नीट हाताळतो आणि लिहायलाही छोटा आहे:

```python
def flux(a, b):      # a डावीकडचा, b उजवीकडचा
    a = max(a, 0.0)
    b = min(b, 0.0)
    return max(a*a, b*b) / 2
```

−१ आणि १ दिल्यावर हा ० देतो, आणि पंखा उघडतो.

पहिल्या क्रमाची पद्धत शॉकला दिवसेंदिवस पसरवत जाईल ही भीती इथे फारशी खरी नाही. साध्या रेषीय वहनात पसरट कडा पायऱ्यांसोबत रुंद होत राहते. इथे मात्र दोन्ही बाजूंच्या रेषा शॉकमध्येच शिरतात आणि त्याला सतत आवळून धरतात, म्हणून रुंदी थोड्याच कप्प्यांवर थांबते. नुकसान होतं ते गुळगुळीत भागातल्या शिखरांचं, ती हळूहळू बुटकी होतात. म्हणूनच शॉकची जागा आणि वेग एवढंच हवं असेल तर गोदुनोव पुरे, |u| dt/dx कुठेही १ च्या वर जाऊ देऊ नका. शॉकच्या आजूबाजूचा आकारही हवा असेल तर त्याच फ्लक्सवर मिनमॉड मर्यादेचे उतार आणि ह्यूनची दोन टप्प्यांची वेळपायरी चढवा, आणि |u| dt/dx ०.५ पर्यंत ठेवा. शॉकजवळ उतार आपोआप शून्य होतात, उसळी येत नाही. शिखराच्या टोकाशी मिनमॉड थोडं छाटतो, तेवढं स्वीकारावं लागतं.

तपासणीसाठी 1 + sin x, ० ते २π, आवर्ती कडा घ्या. t = π/2 ला शॉक x = 3π/2 ≈ ४.७१२ इथे असतो आणि तिथे u एकदम २ वरून ० वर पडतो. dx गुणिले सर्व u ची बेरीज शेवटपर्यंत ६.२८३ राहिली पाहिजे. नुसतं sin x घेऊन तपासू नका: तिथे सममितीमुळे शॉक x = π वर स्थिर असतो, आणि u u_x रूपातला चुकीचा कोडही जागा बरोबर दाखवून पास होतो.